पायऱ्या दाखवा, पण बायांची नावं नकोत

हिंगोलीच्या आमच्या सल्ला केंद्रात तिमाही आकडे काढण्याचं काम माझ्याकडे आहे. कळमनुरीची सहकारी दर तिमाहीला फोन करते, "ताई, ते गाळायचं परत एकदा सांगा ना." फोनवर "वरती उजवीकडे बघ" असं सांगत अर्धा तास जातो. एकाच बाईच्या डोक्यात काम अडकून राहिलं की ती रजेवर गेल्यावर केंद्रही अडतं, हे आपण सगळ्यांनीच पाहिलं आहे.

म्हणून मी विंडोजमधलं स्टेप्स रेकॉर्डर वापरलं. Start च्या शोधात psr टाइप केलं की ते उघडतं. Start Record दाबायचं आणि नेहमीचं काम करत जायचं. मी एक्सेलची नोंदवही उघडली, Data मध्ये जाऊन Filter लावला, महिना निवडला, तालुका निवडला आणि खाली आलेला आकडा अहवालात लिहिला. शेवटी Stop Record. प्रत्येक क्लिकचं चित्र, दाबलेल्या जागेभोवती चौकट आणि खाली एक ओळ, असं सगळं एका झिप फाइलमध्ये तयार होतं.

दोन गोष्टी मात्र फसल्या. आपण टाइप केलेली अक्षरं ते लिहून घेत नाही. त्यामुळे अहवालात काय भरायचं ते Add Comment ने वेगळं लिहावं लागतं. शिवाय ते ठरावीक संख्येचीच, म्हणजे आपण बदलली नाही तर शेवटची २५ चित्रं ठेवतं. माझ्या पहिल्या पायऱ्यांना ओळी होत्या, चित्रं नव्हती. तसं दिसलं की Settings मध्ये जाऊन आकडा १०० करावा आणि पुन्हा रेकॉर्ड करावं.

पण खरी चूक यापेक्षा मोठी होती. पाठवण्याआधी फाइल उघडून पाहिली तर प्रत्येक चित्रात नोंदवही होती, आणि तिच्यात बायांची नावं, गावं, नवऱ्यांची नावं. टाइप केलेलं टिपलं जात नाही म्हणून मी निर्धास्त होते, पण पडद्यावर जे दिसतं ते सगळं चित्रात येतंच. बलात्काराच्या प्रकरणात पीडितेची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे. बाकीच्या बायांच्या बाबतीतही त्यांनी आपल्यावर टाकलेला विश्वास कायद्यापेक्षा लहान नाही. ही फाइल कुणाच्या मोबाइलवर, कुणाच्या मुलाच्या हाती जाईल, सांगता येत नाही.

मी ती फाइल पुसली. दहा ओळींची खोटी नोंदवही बनवली, "बाई १", "बाई २", "गाव अ" अशी. बाकीच्या खिडक्या आणि व्हॉट्सअप बंद करून पुन्हा रेकॉर्ड केलं. फाइलच्या नावातही कुणाचं नाव नको, कारण खालच्या ओळीत खिडकीचं शीर्षक उमटतं.

एक अडचण पुढची आहे. या साधनात नवी सुधारणा होणार नाही आणि पुढे ते काढून टाकलं जाईल, असं मायक्रोसॉफ्टनं २०२३ मध्ये सांगितलं आहे. तोवर आम्ही ती चित्रं छापून वहीत चिकटवली आहेत. पुढच्या तिमाहीचे आकडे कळमनुरीची ताई काढणार आहे.