तराजूत न सापडणारा पाझर : अन्नसुरक्षा प्राधिकरणास खुले पत्र

मा. अध्यक्ष,
भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरण, नवी दिल्ली

महोदय,

थर्मोकोलच्या वाटीत वाढलेली उकळती तर्री, कागदी कपात ओतलेला वाफाळता चहा आणि फोमच्या डब्यात बांधून दिलेला रस्सा यांविषयी मी जिल्ह्यातील एका कचेरीकडे केलेले अर्ज दीर्घकाळ अनुत्तरित राहिले. अखेर जे उत्तर आले ते असे, की उत्पादकाने सादर केलेल्या प्रयोगशाळेच्या अहवालानुसार सदर वाटीचे ‘एकंदर स्थलांतर’ विहित मर्यादेच्या आत आहे, सबब कोणतीही कारवाई आवश्यक नसून प्रकरण दप्तरी दाखल करण्यात येत आहे. मी आयुष्यभर शाळेत रसायनशास्त्र शिकविले आहे. त्यामुळे उत्तरासोबत जोडलेला तो अहवाल मी ओळीने वाचला, आणि तो खोटा आहे असा आरोप मला करावयाचा नाही. माझी तक्रार त्याहून गंभीर आहे. तो अहवाल खरा असूनही मी विचारलेल्या प्रश्नाशी त्याचा काडीमात्र संबंध नाही, आणि याला कारण त्या कचेरीतील कारकून नव्हे, तर आपण स्वतः घालून दिलेली कसोटी आहे.

आपल्या २०१८ च्या वेष्टनविषयक विनियमांनी, ज्यांचा अंमल १ जुलै २०१९ पासून सुरू झाला, प्लास्टिकच्या प्रत्येक वेष्टनास एकंदर स्थलांतराची मर्यादा घालून दिली आहे : अन्नाच्या प्रत्येक किलोमागे ६० मिलिग्रॅम, किंवा स्पर्श होणाऱ्या पृष्ठभागाच्या प्रत्येक चौरस डेसिमीटरमागे १० मिलिग्रॅम. ही चाचणी कशी होते हे चहा पिणाऱ्या माणसाला कोणी सांगत नाही, म्हणून येथे सांगतो. प्रत्यक्ष चहा किंवा रस्सा वापरीत नाहीत. त्यांच्या जागी पाणीदार पदार्थासाठी ऊर्ध्वपातित पाणी, आंबट पदार्थासाठी ३ टक्के ॲसेटिक आम्ल, मद्यार्कयुक्त पदार्थासाठी अल्कोहोलमिश्रित पाणी आणि तेलकट पदार्थासाठी हेप्टेन असे प्रातिनिधिक द्रव घेतात. तो द्रव ठराविक तापमानात ठराविक वेळ त्या वस्तूच्या स्पर्शात ठेवतात, मग बशीत ओतून आटवितात, बशी भट्टीत सुकवून थंड करतात, आणि तळाशी जो साका उरतो त्याचे सूक्ष्म तराजूवर वजन करतात. त्या वजनालाच एकंदर स्थलांतर असे नाव आहे.

महोदय, थर्मोकोल म्हणजे फुगविलेले पॉलिस्टायरीन, आणि त्याच्यापासून ज्या द्रव्याची भीती बाळगावयाची ते स्टायरीन, म्हणजे लांबलचक साखळ्यांत न गुंफला गेलेला, घनात मागे राहिलेला मूळ घटक. हे स्टायरीन उडून जाणारे आहे. त्याचा उत्कलनबिंदू १४५ अंश असला, तरी पाण्याच्या वाफेबरोबर ते त्याच्या कितीतरी खालीच निघून जाते. निलगिरीच्या पानांतील तेल पाण्याहून पुष्कळ अधिक तापमानाला उकळत असूनही वाफेबरोबर सहज बाहेर येते, तसेच हे. म्हणजे वाटीतून द्रवात जे स्टायरीन उतरले असेल, ते द्रव आटविताना बाष्पाबरोबर प्रयोगशाळेच्या धुराड्यातून बाहेर जाते आणि तराजूवर चढते ते फक्त जे उडत नाही ते. ज्या पदार्थाविषयी शंका घ्यावी तोच वजन करण्यापूर्वी निसटून जाईल अशी रचना असलेल्या चाचणीच्या आधारावर त्या पदार्थाविषयीची तक्रार निकालात काढली जाते. आपल्या नियमांत बेरियम, कोबाल्ट, जस्त इत्यादी धातूंसाठी स्वतंत्र मर्यादा आहेत, आणि त्या असाव्यातच. परंतु थर्मोकोलच्या वाटीतील रश्शाच्या बाबतीत त्या कचेरीने ज्या एका आकड्यावर समाधान मानले, तो आकडा स्टायरीनविषयी मौन बाळगणारा आहे.

या स्टायरीनविषयी अतिशयोक्ती करण्याची माझी इच्छा नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१८ मध्ये त्याला ‘मानवात बहुधा कर्करोगकारक’ अशा गटात घातले, पण त्या निर्णयामागचा मानवी पुरावा मुख्यतः कारखान्यांत त्याची वाफ हुंगणाऱ्या कामगारांचा आहे, चहा पिणाऱ्यांचा नव्हे. थंड पाण्यात उतरणारे प्रमाण सामान्यतः अत्यल्प असते, हेही मी मान्य करतो. पण आमच्याकडे त्या वाटीत थंड पाणी पितो कोण? उष्णता वाढली की साखळ्यांमधील मोकळे रेणू अधिक वेगाने हलू लागतात, आणि स्टायरीन पाण्यापेक्षा तेलात कितीतरी सुखाने विरघळते. तेव्हा मिसळीवरची तर्री, म्हणजे तापलेल्या तेलाचा थर, हे त्या पाझरास सर्वांत अनुकूल माध्यम होय. त्यातच पॉलिस्टायरीन सुमारे १०० अंशांच्या आसपास मऊ पडू लागते, आणि कढईतून थेट वाढलेल्या तेलाचा थर त्या मर्यादेच्या जवळ सहज पोहोचतो.

हे तपासण्यास प्रयोगशाळा लागत नाही. मिसळ संपल्यावर थर्मोकोलची ती वाटी उजेडात धरून पाहावी. जेथे तर्रीचा काठ टेकला होता तेथे गुळगुळीत भिंतीवर बारीक खळग्यांची एक रेषा उमटलेली दिसते, कडा आक्रसलेली असते आणि बोट फिरविले तर तो भाग खरखरीत लागतो. लिंबू पिळले असेल, तर हे खळगे अधिक खोल असतात, कारण लिंबाच्या सालीतील सुगंधी तेलात लिमोनीन नावाचे द्रव्य असते आणि ते पॉलिस्टायरीनला सरळ विरघळविते. वाटीचा जो अंश तेथे नाहीसा झाला तो कोठे गेला, हा प्रश्न जेवणारा विचारीत नाही, पण प्राधिकरणाने विचारावयास हवा होता.

आता मर्यादेचा आकडाच घ्या. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यातील स्टायरीनसाठी दिलेले मार्गदर्शक मूल्य लिटरला २० मायक्रोग्रॅम आहे. आपली एकंदर मर्यादा किलोला ६० मिलिग्रॅम, म्हणजे ६०,००० मायक्रोग्रॅम, अर्थात तीन हजार पट. हे सर्व ६० मिलिग्रॅम स्टायरीनच असते असे कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. माझे म्हणणे एवढेच, की इतक्या मोठ्या जाळीच्या चाळणीतून स्टायरीनचा घातक भागही सहज निसटेल, आणि तो वजनातच सापडत नसल्यामुळे चाळणीला त्याचा पत्ताही लागणार नाही. शिवाय किलोमागे ६० आणि चौरस डेसिमीटरमागे १० हे दोन आकडे परस्परांशी जुळतात ते एका गृहीतकावर : एक किलो अन्नाला सहा चौरस डेसिमीटर पृष्ठभाग स्पर्श करतो. आपल्या टपरीवरचा कप मोजून पाहा. पाच सेंटिमीटर व्यासाचा आणि पाच सेंटिमीटर उंचीपर्यंत भरलेला कप सुमारे ९८ मिलिलिटर चहा धरतो, आणि त्या चहाला स्पर्श करणारी भिंत व तळ मिळून सुमारे ९८ चौरस सेंटिमीटर भरतात, म्हणजे लिटरला दहा चौरस डेसिमीटर. चार सेंटिमीटर व्यासाच्या आणि तेवढ्याच उंचीच्या ‘कटिंग’च्या कपात हेच प्रमाण साडेबारा होते. कप जितका लहान, तितकी घोटामागे भिंत अधिक; आणि पृष्ठभागाच्या हिशेबाने उत्तीर्ण होणारी वस्तू अशा कपात किलोच्या हिशेबाने अनुत्तीर्ण ठरू शकते. दिवसातून चार-पाच वेळा कटिंग घेणाऱ्या हमालाचे, रिक्षाचालकाचे प्रमाण या गृहीतकात कोठेही बसत नाही.

थर्मोकोल तर बंदच आहे, असे उत्तर मला या पत्रावर मिळेल. महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ रोजी त्याच्या ताटवाट्यांवर बंदी घातली, आणि केंद्राची एकदा वापरून फेकण्याच्या प्लास्टिकवरील बंदी १ जुलै २०२२ पासून अमलात आली. पण ती बंदी कचऱ्याच्या कारणाने आली, अन्नाच्या कारणाने नव्हे, आणि म्हणूनच तपासणीचे पथक आले की वाट्या गोणीत जातात व पथक गेले की पुन्हा मांडल्या जातात. थर्मोकोलच्या जागी जो कागदी कप आला, त्याला लोक कागदच समजतात. तो कप रात्रभर पाण्यात भिजत ठेवावा. कागदाचा लगदा होऊन गळून पडतो आणि हातात राहतो तो पॉलिथिलीनचा पातळ पापुद्रा, ज्याच्या अंगाला चहा प्रत्यक्ष लागलेला असतो. खरगपूरच्या आयआयटीतील संशोधकांनी २०२० मध्ये अशा कपांत ८५ ते ९० अंशांचे १०० मिलिलिटर पाणी १५ मिनिटे ठेवून पाहिले, तेव्हा त्यात सुमारे २५,००० सूक्ष्म प्लास्टिककण सुटल्याचे आढळले, आणि फ्लोराइड, क्लोराइड, सल्फेट, नायट्रेट हे आयनही. हे कण मोजण्याची तजवीज आपल्या कोणत्याही सक्तीच्या चाचणीत नाही. एकंदर स्थलांतराच्या साक्यात ते पडलेच, तर साक्याचे वजन होते, गणती होत नाही.

विनियमांनुसार अन्नाला प्रत्यक्ष स्पर्श करणाऱ्या वेष्टनाचे अनुरूपता प्रमाणपत्र मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून मिळविण्याचे कर्तव्य अन्न व्यावसायिकावर आहे. ते प्रमाणपत्र टपरीवाल्याने पाहिलेले नाही, आणि पाहिले असते तरी वर सांगितलेल्या कारणाने त्याच्या हाती काहीच लागले नसते. मिसळीचा गाडा चालविणाऱ्या गरिबावर मी दोष टाकू इच्छित नाही. त्याला गोणीतून स्वस्त मिळते ते तो घेतो. दोष त्यांचा आहे ज्यांच्याकडे गॅस क्रोमॅटोग्राफ आहे, ज्यांच्याकडे कायदा आहे आणि ज्यांनी तराजूवर समाधान मानले.

म्हणून माझी मागणी मोजकी आणि स्पष्ट आहे. पॉलिस्टायरीनच्या वस्तूंसाठी स्टायरीनची स्वतंत्र स्थलांतरमर्यादा ठरवावी. ती चाचणी आटवून नव्हे, तर बंद कुपीतील द्रवावरची वाफ गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये तपासून व्हावी, आणि द्रव हा तर्रीचे प्रतिनिधित्व करणारा तेलकट द्रव असावा, उकळत्या तापमानाचा. मर्यादेचा हिशेब किलोच्या गृहीतकावर न करता ज्या आकाराचा कप विकला जातो त्याच्या प्रत्यक्ष पृष्ठभागावर करावा. पॉलिथिलीनचे अस्तर असलेल्या कपावर, तो कागद नसून प्लास्टिकयुक्त आहे असे मराठीसह प्रादेशिक भाषांत छापण्याची सक्ती असावी. आणि तोपर्यंत ‘एकंदर स्थलांतर मर्यादेत आहे’ या एका ओळीवर अशी तक्रार दप्तरी दाखल करू नये, असे लेखी फर्मान देशातील प्रत्येक अन्नसुरक्षा अधिकाऱ्यास पाठवावे.

थर्मोकोलची तशीच वाटी, बाजारातून विकत घेऊन, आपण आपल्या प्रयोगशाळेत तर्रीसह तपासावी आणि लिटरला किती मायक्रोग्रॅम स्टायरीन निघाले तो आकडा जाहीर करावा. मला तोच आकडा हवा आहे. माझ्या अर्जांत मी तोच मागितला होता.

आपला,
एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक