सॅलरी स्लिपची बेरीज जुळली, तरी 308 रुपये गेले कुठे?

पगाराची स्लिप हल्ली व्हॉट्सॲपवर फोटो म्हणूनच येते. आपण ती झूम करतो, सगळ्यात खालचा आकडा बघतो, बँकेच्या मेसेजशी ताडून पाहतो आणि फोन खिशात ठेवतो. थोडी जास्त काळजी घेणारा एकूण पगारातून एकूण कपात वजा करून बघतो. ती वजाबाकी बहुतेक वेळा बरोबरच येते, कारण ती सॉफ्टवेअरने केलेली असते. पण वजाबाकी बरोबर असणे आणि कपात बरोबर असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्लिप तपासायची असेल, तर प्रत्येक कपात तिच्या मूळ रकमेपासून पुन्हा काढावी लागते.

उदाहरण पाहू

पुणे जिल्ह्यातील एका कारखान्यात काम करणाऱ्या महिलेची जुलै 2025 ची स्लिप आहे असे समजू. तिचा पूर्ण महिन्याचा पगार 18,600 रुपये. त्यात मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून 13,950 आणि घरभाडे भत्ता 4,650. महिन्याचे दिवस 31, पगारी दिवस 29, म्हणजे दोन दिवस बिनपगारी रजा. फोटोत दिसणारे आकडे असे:

मूळ वेतन + महागाई भत्ता: 18,050
घरभाडे भत्ता: 4,350
ओव्हरटाइम: 900
एकूण पगार: 18,300
पीएफ: 1,674
ईएसआय: 138
व्यवसाय कर: 200
एकूण कपात: 2,012
हातात येणारा पगार: 16,288

आधी फोटो तपासा, मग कंपनी

पहिल्या तीन आकड्यांची बेरीज 23,300 येते, पण स्लिपवर 18,300 आहे. फरक बरोबर 5,000 चा. लगेच एचआरला फोन लावू नका. फरकात एकच अंक असेल आणि पुढे सगळी शून्ये असतील, तर फोटोतला एखादा अंक चुकीचा वाचला गेला असण्याची शक्यता मोठी असते. पुसट छपाईत 3 चा 8 दिसतो आणि त्यांच्यात फरक 5 चा असतो. 1 आणि 7 किंवा 0 आणि 6 यांची गल्लत झाली, तर फरक 6 चा पडतो.

इथे संशय हजाराच्या घरातील 8 वर जातो. खात्री करायची दुसरी वाट आहे. 13,950 ला 31 ने भागले की रोजचे 450 येतात आणि 29 दिवसांचे 13,050 होतात. म्हणजे छापलेला आकडा 13,050 च आहे, फोटोत तो 18,050 दिसला. घरभाडेही असेच काढा: रोजचे 150, 29 दिवसांचे 4,350. जमेची बाजू जुळली.

पीएफ: टक्का बरोबर, पाया चुकीचा

कर्मचाऱ्याचा पीएफ म्हणजे मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांच्या बेरजेचे 12 टक्के. घरभाडे आणि ओव्हरटाइम यात धरत नाहीत. 13,050 चे 12 टक्के 1,566 होतात, पण स्लिपवर 1,674 आहेत. हा आकडा आला कुठून हे बघायचे असेल तर उलटे जा. 1,674 ला 0.12 ने भागा. उत्तर 13,950. पगार 29 दिवसांचा दिला आणि पीएफ मात्र पूर्ण महिन्यावर कापला. फरक 108 रुपये.

हे 108 रुपये बुडालेच असे नाही. ईपीएफओच्या पासबुकात त्या महिन्याची नोंद उघडा. तिथे कर्मचाऱ्याच्या हिश्शात 1,674 जमा असतील, तर पैसे तुमच्याच खात्यात आहेत आणि प्रश्न फक्त हिशेबाचा आहे. 1,566 जमा असतील, तर मधले 108 कुठे राहिले हे कंपनीने सांगायला हवे. भरणा पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत होतो, त्यामुळे पासबुक त्यानंतर बघा.

मूळ वेतन 15,000 च्या वर असताना पीएफ नेमका 1,800 दिसला, तर ती चूक नाही. 15,000 च्या मर्यादेवर पीएफ कापायची कंपनीला मुभा आहे. मात्र कपातीच्या रकान्यात कंपनीचा हिस्साही दिसला, तर थांबा. तो कामगाराला ठरलेल्या पगारातून वसूल करता येत नाही.

ईएसआय: एक रुपया जास्त, तरी बरोबर

त्या महिन्याच्या नियमाप्रमाणे ईएसआयचा कर्मचाऱ्याचा हिस्सा 0.75 टक्का होता. तो ओव्हरटाइमसह सगळ्या पगारावर काढायचा. 18,300 चे 137.25 होतात. स्लिपवर 138 आहेत आणि ते बरोबर आहेत, कारण इथे पैसे नेहमी पुढच्या रुपयात मोडतात. नेहमीच्या सवयीने 137 काढून भांडायला जाल, तर तुम्हीच चुकाल.

व्यवसाय कर: चूक आकड्यात नाही, माणसात

महाराष्ट्रात 10,000 पेक्षा जास्त पगार असलेल्या पुरुषाला महिन्याला 200 आणि फेब्रुवारीत 300 रुपये व्यवसाय कर लागतो. 11 महिन्यांचे 2,200 आणि फेब्रुवारीचे 300 मिळून राज्यघटनेने घालून दिलेली वर्षाची 2,500 ची मर्यादा गाठली जाते. महिलांना मात्र 2023 पासून 25,000 पर्यंतच्या पगारावर हा कर नाही. या स्लिपमधले 200 रुपये कापायलाच नको होते. बहुधा सॉफ्टवेअरमध्ये लिंगाची नोंद चुकली आहे किंवा जुना तक्ता तसाच राहिला आहे. अशी चूक दर महिन्याला होते. वर्षाचे 2,500 रुपये म्हणजे या महिलेची चार दिवसांपेक्षा जास्त कमाई.

आता पुन्हा बेरीज करू. योग्य कपात 1,566 आणि 138 मिळून 1,704. हातात यायला हवे होते 16,596, आले 16,288. तफावत 308 ची. पीएफचे 108 आणि व्यवसाय कराचे 200 मिळून ती पूर्ण उलगडते, एक रुपयाही शिल्लक राहत नाही. तफावत अशी पूर्ण सुटली तरच तपासणी संपली असे समजा.

इथे हा हिशेब थांबतो

कँटीन, उचल, पतसंस्थेचा हप्ता यांना सूत्र नसते. त्यांच्यासाठी तुमची सही असलेला कागदच हवा. दुसरे म्हणजे, नियम स्लिपच्या महिन्याचेच लावा. 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि त्यात वेतनाची व्याख्या बदलली. त्यानंतरच्या स्लिपमध्ये कपात कोणत्या रकमेवर काढली, हे आधी विचारावे लागेल.

खरे तर हे विचारायची वेळच येऊ नये. प्रत्येक कपातीपुढे ती कोणत्या रकमेवर काढली, तो आकडा छापणे कोणत्याही पेरोल सॉफ्टवेअरला जड नाही. तो छापणे सक्तीचे व्हायला हवे. तोवर एचआरला ‘पगार कमी आलाय’ असे मोघम लिहू नका. ‘जुलैचा पीएफ 13,950 वर काढलाय, पगारी दिवसांचे मूळ वेतन 13,050 आहे, फरक 108’ असे लिहा. अशा मेसेजला ‘बघून सांगतो’ म्हणून टाळणे अवघड जाते.