जंतू मोरीत, शोध मात्र रुग्णात

कॅनडातील टोरांटो शहराच्या एका मोठ्या रुग्णालयात डिसेंबर २००४ ते मार्च २००६ या काळात एकाच वाणाच्या जंतूने ३६ रुग्णांना गाठले. हे रुग्ण अतिदक्षता विभागातले, किंवा अवयवरोपणाची शस्त्रक्रिया झालेले असे होते. त्यांपैकी १७ जण तीन महिन्यांच्या आत दगावले आणि त्यांतील १२ जणांच्या मृत्यूस हा जंतू कारणीभूत किंवा साहाय्यभूत झाल्याचे तपासात निष्पन्न झाले. त्याचे घर सापडले ते हात धुण्याच्या बेसिनांच्या मोरीत. संसर्ग टाळण्यासाठी जे साधन बसविले होते, तेच संसर्गाचे उगमस्थान ठरले होते.

या जंतूचे नाव सूडोमोनस एरुजिनोसा. नावातील उत्तरार्ध लॅटिन भाषेत तांब्यावर चढणाऱ्या कळंकासाठी जो शब्द आहे त्यावरून आला. कल्हई उडालेल्या भांड्यात आंबट पदार्थ राहिला की जो निळसर हिरवा थर दिसतो, तसाच रंग जखमांच्या पट्ट्यांवर का चढतो, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकातील लष्करी रुग्णालयांना पडलेला होता. कार्ल जेसार या फ्रेंच लष्करी औषधशास्त्रज्ञाने १८८२ मध्ये अशाच पट्ट्यांतून हा जंतू वेगळा केला आणि रंगाचा धनी कोण, हे सिद्ध झाले. या अर्थाने हा जंतू आपली ओळख स्वतःच लिहून ठेवतो. ती वाचण्याची तसदी घेतली जाते की नाही, एवढाच प्रश्न उरतो.

हा रंग एका द्रव्याचा नव्हे. पायोसायनिन हे निळे आणि पायोव्हर्डीन हे पिवळसर हिरवे, अशी दोन द्रव्ये मिसळून तो कळंकाचा रंग होतो. यांतील पायोव्हर्डीन अतिनील प्रकाशात चमकते. परंतु इतर काही सूडोमोनस जातीही ते तयार करीत असल्याने केवळ चमक दिसली म्हणून निदान पक्के होत नाही. पायोसायनिन मात्र या एकाच जातीचे वैशिष्ट्य मानले जाते. प्रयोगशाळेतील बशीवर ते उतरलेले दिसले आणि द्राक्षांसारखा तो ओळखीचा गोड वास आला, की अनुभवी तंत्रज्ञाला फारसा संशय उरत नाही. उलट पक्षी, काही वाण पायोसायनिन मुळीच तयार करीत नाहीत. म्हणून ‘हिरवा नाही, तेव्हा तो नव्हे’ हा निष्कर्ष चुकीचा ठरतो आणि तेथेच दुसऱ्या कसोटीची गरज भासते.

ती कसोटी ऑक्सिडेजची. गाळणकागदावर एका रंगहीन रसायनाचे थेंब टाकून त्यावर जंतूंच्या वसाहतीचा कण घासला, की सुमारे दहा सेकंदांत गडद जांभळा रंग उमटतो. जंतूच्या श्वसनसाखळीच्या शेवटच्या टोकाशी सायटोक्रोम ऑक्सिडेज नावाचे विकर असल्याची ही खूण होय. आतड्यात राहणारे ई. कोलाय किंवा क्लेबसिएला यांसारखे जंतू या परीक्षेत जांभळे होत नाहीत. म्हणजे मूत्रातून किंवा जखमेतून आलेला दंडाकृती जंतू पोटातला की पाण्यातला, याचा पहिला कौल काही क्षणांत मिळतो. मात्र परीक्षा जितकी सोपी तितकीच ती बिघडवणेही सोपे. वसाहत उचलण्यासाठी निक्रोमची तार वापरली तर धातूमुळेच खोटा जांभळा रंग येऊ शकतो; त्याऐवजी प्लॅटिनमची तार किंवा लाकडी काडी हवी. रसायन जुने झाले असेल तर ते हवेनेच जांभळे झालेले असते. मिनिटभरानंतर उमटलेला रंग हा होकार मानता येत नाही. शिवाय पटकीच्या जंतूसारखे इतरही काही जंतू येथे होकार देतात. तेव्हा ही कसोटी संशयिताचे नाव सांगत नाही, केवळ संशयितांची यादी लहान करते.

रंगद्रव्य आणि ऑक्सिडेज या दोन गोष्टी पाठ्यपुस्तकात बहुधा ओळखीच्या खुणा म्हणून शेजारी शेजारी दिलेल्या असतात. वस्तुतः त्यांचा परस्परसंबंध ध्यानात घेतला, तरच हा जंतू मोरीत का सुखाने नांदतो ते कळते. हा जंतू अन्न आंबवून जगत नाही. तो मुख्यतः श्वसनावर जगतो. अन्नातून काढलेले इलेक्ट्रॉन अखेर प्राणवायूच्या स्वाधीन करावेत, हा त्याचा जीवनक्रम आणि ऑक्सिडेज हा त्या मार्गावरचा शेवटचा नाका. प्राणवायू नसेल तर तो नायट्रेटवरही भागवू शकतो, परंतु त्याची खरी ओढ हवेकडेच असते. आता मोरीतील चिकट थराचा विचार करावा. हा जंतू एकटादुकटा न राहता स्वतःच स्रवलेल्या बुळबुळीत आवरणात थर करून राहतो. वरच्या जंतूंना हवा मिळते. खालचे गुदमरायला हवेत. तेथे पायोसायनिन कामाला येते. ते खालच्या थरातील जंतूंकडून इलेक्ट्रॉन घेते आणि वर जाऊन प्राणवायूला देते. नदीच्या दोन तीरांमध्ये फेऱ्या घालणाऱ्या तरीचेच हे काम होय. हे डोळ्यांनी पाहताही येते. या जंतूंनी निळा झालेला द्रव नळीत स्थिर ठेवला की प्राणवायू संपत जाऊन निळा रंग तळाकडून विरू लागतो आणि नळी हलवून हवा मिसळताच तो परत येतो. पायोव्हर्डीनचे काम वेगळे आहे. परिसरात लोह अत्यल्प असले तरी ते घट्ट पकडून जंतूपर्यंत पोहोचविते. रुग्णाच्या शरीरात तर रक्तातील प्रथिनांनी राखून ठेवलेले लोहही ते हिरावून घेते. पायोसायनिनही रुग्णाच्या शरीरात निरुपद्रवी राहत नाही. फुप्फुसातील श्वासमार्गाच्या पेशींना ते इजा करते. मोरीत जगण्याचीच साधने रुग्णाच्या खाटेवर शस्त्रे होतात, ती अशी.

राहता राहिला ओलाव्याचा प्रश्न. कोरडेपणा या जंतूला मानवत नाही, पण पाणी असेल तर त्याच्या गरजा विलक्षण थोड्या आहेत. रुग्णालयांतील ऊर्ध्वपातित पाण्यातही तो झपाट्याने वाढतो आणि दीर्घकाळ टिकतो, हे अमेरिकेतील संशोधकांनी १९७१ मध्येच दाखवून दिले होते. बेसिनखालच्या वाकड्या नळीत पाणी कायम साठलेले असावेच लागते, नाहीतर गटारातील वायू खोलीत येईल. त्यात उरलेले सलाईन, नळीने द्यावयाचे अन्न, औषधांचे अवशेष ओतले गेले, की ओलाव्याला अन्नाची जोड मिळते. वरून प्रतिजैविके पडत असल्याने त्यांना दाद न देणारे वाणच तेथे तगून राहतात. जंतुनाशक ओतले तर ते थराच्या पृष्ठभागावरून वाहून जाते. आतला जंतू जिवंत राहतो आणि काही दिवसांत थर पूर्ववत होतो.

टोरांटोत नेमके हेच घडले. मोऱ्यांचे निर्जंतुकीकरण करण्याचे निरनिराळे उपाय केले गेले, पण साथ थांबली नाही. मोरीतील थरात सापडलेला वाण आणि रुग्णांतील वाण जनुकीय ठशांवरून एकच ठरले. तरीही एक दुवा राहत होता: मोरीतला जंतू खाटेपर्यंत जातो कसा? तपास करणाऱ्यांनी मोरीत चमकणारे द्रव्य घातले आणि नेहमीप्रमाणे हात धुवून पाहिले. त्याचे शिंतोडे बेसिनपासून किमान एक मीटर अंतरापर्यंत उडालेले आढळले. पाण्याची धार थेट मोरीच्या जाळीवर पडत होती. बेसिनच्या शेजारीच औषधे तयार करण्याची जागा होती आणि रुग्णही फार दूर नव्हता. अखेर तोट्या अशा बदलण्यात आल्या की धार जाळीवर पडू नये. पाण्याचा जोर कमी केला, बेसिन आणि शेजारची जागा यांच्यामध्ये आडोसा उभारला. त्यानंतर साथ आटोक्यात आली. ती थांबविणारा निर्णायक उपाय नव्या औषधाचा नव्हता. तो नळकामाचा होता.

या प्रकरणातून निघणारा निष्कर्ष रुग्णालयांच्या रूढ व्यवस्थेला गैरसोयीचा आहे. संसर्ग झाला की परिचारिकांच्या हातांना दोष द्यायचा, रुग्णाला अधिक जालीम प्रतिजैविक द्यायचे आणि फरशीवर फिनेलचा मारा करायचा, ही त्रिसूत्री सर्वत्र परिचित आहे. परंतु ज्या परिचारिकेने नियमानुसार हात धुतले, तिच्याच हातांवर मोरीने जंतू उडविले असतील, तर तिला दोष कोणत्या न्यायाने द्यावा? बेसिन कोठे बसवावे, तोटी किती लांब असावी, हे ठरविताना बांधकाम खाते खर्च पाहते, जागा पाहते. शिंतोडे कोणी पाहत नाही. हा निर्णय वैद्यकीय आहे, हे मान्य झाल्यावाचून सुधारणा अशक्य आहे.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की मोऱ्यांत हा जंतू अनेक रुग्णालयांत सापडतो; मग प्रत्येक मोरी गुन्हेगार मानावी काय? आक्षेप रास्त आहे. जंतू मोरीतून रुग्णाकडे जातो तसा रुग्णाकडून मोरीतही जातो. म्हणूनच केवळ मोरीत जंतू सापडणे हा पुरावा नव्हे. वाण एकच असणे, त्याचा कालक्रम जुळणे आणि प्रवासाचा मार्ग दाखविता येणे, या तिन्ही गोष्टी हव्यात. दुसरा आक्षेप असा, की बेसिनांची भीती घातली तर हात धुणेच कमी होईल. नेदरलँड्समधील नायमेखन येथील रुग्णालयाने अतिदक्षता विभागातील खोल्यांतून बेसिनेच काढून टाकली आणि त्यानंतर रुग्णांत अशा जंतूंचे प्रमाण घटल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. पण तेथे पाण्याविना शुश्रूषेची पर्यायी व्यवस्था उभी केलेली होती. ती नसताना बेसिन काढणे म्हणजे रोगापेक्षा उपाय भयंकर ठरण्यासारखे होईल. टोरांटोचा मार्ग मधला आहे: बेसिन ठेवावे, शिंतोडे थांबवावेत.

या मार्गाला फार मोठा खर्च लागतो असेही नाही. हात धुण्याचे बेसिन केवळ हात धुण्यासाठीच राखावे; त्यात सलाईन किंवा अन्न ओतू नये. औषधे तयार करण्याचे टेबल बेसिनपासून दूर सरकवावे. धार जाळीवर पडत असेल तर तोटी बदलावी. आणि प्रयोगशाळेच्या अहवालात एकाच विभागातून लागोपाठ या जंतूचे नाव येऊ लागले, तर तो अहवाल जसा डॉक्टरांच्या टेबलावर जातो, तसा त्याच दिवशी देखभाल विभागाच्या अभियंत्याच्या टेबलावरही गेला पाहिजे. बशीवरचा हिरवा रंग आणि कागदावरचा जांभळा डाग हे दोन्ही पाण्याकडे बोट दाखवीत असतात. त्या बोटाच्या दिशेने चालत जाण्याचे काम मात्र जंतुशास्त्राचे नाही. ते व्यवस्थापनाचे आहे.