मुबारक म्हणा आणि तिथेच थांबा

बाळ झाल्याची बातमी आली की आपण 'मुबारक हो' लिहितो आणि पुढच्याच ओळीत सुरू होतो: टोपडं काढू नकोस, गुटी दे, गार पाण्यात हात घालू नकोस. नियत चांगलीच असते. तरी मला वाटतं, मुबारकबादीत सल्ला मिसळला की ती मुबारकबाद राहत नाही.

वर्गात आज्ञार्थ शिकवताना हा फरक नेमका दिसतो. 'बाळाला गुटी दे' हा आज्ञार्थ आणि 'बाळाला उदंड आयुष्य लाभो' हाही आज्ञार्थच. पण पहिल्या वाक्याचं बोट आईकडे असतं. तिच्यावर आणखी एक काम येऊन पडतं. दुसऱ्या वाक्यात मागणं अल्लाहकडे असतं. आईने फक्त आमीन म्हणायचं.

आपल्याकडे याचा जुना नमुनाही आहे. 13व्या शतकातल्या इमाम नववींच्या 'अल-अज़कार'मध्ये बाळाच्या जन्माची मुबारकबाद देणारी दुआ आहे. तिच्यात चारच गोष्टी येतात: मिळालेल्या देणगीत बरकत असो, देणाऱ्याचे शुक्र तुमच्याकडून अदा होवो, बाळ भरल्या वयाला पोचो, आणि त्याच्या चांगुलपणाचं सुख तुम्हाला लाभो. बाळाला कसं वाढवायचं, याबद्दल तिच्यात एक शब्द नाही. ऐकणाऱ्यानेही उलट दुआच द्यायची असते.

अलीकडे माझ्या एका मैत्रिणीला लग्नानंतर आठ वर्षांनी मुलगी झाली. तिच्या फोनवर शंभरेक निरोप आले होते. ती म्हणाली, "अगं, वाचता वाचता वाटायला लागलं, माझी परीक्षाच चाललीय." कुणी वजन विचारलं, कुणी दूध पुरतं का ते विचारलं, कुणी 'आता दुसऱ्याला उशीर नको' असंही लिहिलं. मी तिला लिहिलं होतं ते एवढंच:

'मुबारक हो! लेक आली, वाचून डोळे भरले. फोटोत तिची बोटं बघितली, अगदी तुझ्यासारखी लांब. अल्लाह तिला उदंड आयुष्य देवो, तुला आज शांत झोप लागो. उत्तर नाही आलं तरी चालेल.'

'काळजी घे' हे दोन शब्द मी लिहून खोडले. रात्रभर बाळाला खांद्यावर घेऊन बसलेली बाई आणखी कोणती काळजी घेणार?

कुणी म्हणेल, अनुभवी माणसांनी गप्प बसायचं का? नाही. तिने विचारलं की जरूर सांगावं, भरभरून सांगावं. पण ते तिने विचारल्यावर आणि दुसऱ्या दिवशी. पहिला निरोप आनंदाचा असतो. त्यात बाळाचं नाव किंवा फोटोत दिसलेली एखादी गोष्ट असावी, एक दुआ असावी, आणि मग पूर्णविराम.