सतरा रुपयांची गाडी

मायदेशी जाण्याची तिकिटे हाती आली, की नॉटिंगहॅममधल्या आमच्या घरांत दुसरा शोध सुरू होतो, तो गाडीचा. मुंबईला उतरायचे, दोन दिवस नातलगांकडे काढायचे, मग मुलांना वेरूळ-अजिंठा दाखवायचे. इंग्लंडात गाडी भाड्याने घेतली तर दिवसाचे पैसे मोजावे लागतात, टॅक्सीत बसलो तर मीटरचे. तिकडच्या बाहेरगावच्या गाडीचे भाडे या दोन्ही रीती एकत्र करून आकारले जाते. म्हणूनच आपल्यापैकी बहुतेकांना ते आकडे समोर असूनही उलगडत नाहीत.

गेल्या हिवाळ्यात आमच्यापाशी तीन दरपत्रके आली होती. कल्याणच्या धाकट्या भावाने ती व्हॉट्सॲपवर धाडली आणि खाली लिहिले, ‘दादा, सतरा रुपयेवाली बुक करून टाकतो.’ आम्ही त्याला एक संध्याकाळ थांबायला सांगितले. तिन्ही दरपत्रके सात आसनी क्रिस्टा गाडीचीच होती. पहिल्यात दर किलोमीटरला अठरा रुपये, दुसऱ्यात वीस, तिसऱ्यात सतरा. कोणाचीही नजर सतरावर जाईल, तशी त्याचीही गेली होती.

आधी आम्ही प्रवास दिवसागणिक मांडला. पहिल्या दिवशी मुंबई ते छत्रपती संभाजीनगर, म्हणजे आपले जुने औरंगाबाद, साधारण ३४० किलोमीटर. दुसऱ्या दिवशी वेरूळ, शहरालगतच्या औरंगाबाद लेण्या आणि नागसेनवन मिळून ८०. तिसऱ्या दिवशी अजिंठा जाऊन-येऊन २१०. चौथ्या दिवशी परतीचे ३४०. बेरीज ९७०. पण गाडीचे किलोमीटर आपल्या दारापासून मोजले जात नाहीत. गाडी जिथून निघते त्या गॅरेजपासून मोजणी सुरू होते आणि तिथे परत पोहोचल्यावर थांबते. तिन्ही गाड्यांसाठी आम्ही जाता-येता वीस-वीस किलोमीटर धरले. त्यामुळे पहिला आणि चौथा दिवस प्रत्येकी ३६० किलोमीटरचा झाला आणि एकूण बेरीज १,०१० वर गेली.

आता त्या लहान अक्षरांतल्या ओळीकडे वळू. ‘किमान २५० कि.मी. प्रतिदिन’ किंवा ‘किमान ३०० कि.मी. प्रतिदिन’ असे तिथे लिहिलेले असते. गाडी दिवसभर उभी राहिली तरी मालकाचा हप्ता, विमा आणि चालकाचा दिवस खर्ची पडतोच. म्हणून तो दिवसाला इतके किलोमीटर धरूनच भाडे घेतो. ही मागणी अन्याय्य नाही. मात्र वेरूळच्या दिवसासारखा ८० किलोमीटरचा दिवस मध्ये आला, की हीच ओळ दरापेक्षा जड होते.

पहिल्या दरपत्रकात किमान ३०० होते. चार दिवसांचे १,२०० झाले. आपण १,०१० धावणार, पण पैसे १,२०० चे. अठरा रुपयांनी २१,६००. त्यात चालकाचा भत्ता रोजचा ५००, चार दिवसांचे २,०००. एकूण २३,६०० रुपये.

दुसऱ्यात किमान २५० होते, म्हणजे चार दिवसांचे १,०००. आपण त्याहून दहा जास्त धावणार, तेव्हा पैसे १,०१० चेच. वीस रुपयांनी २०,२००. भत्ता रोजचा ४००, म्हणून १,६००. एकूण २१,८००.

तिसऱ्यातही किमान २५० होते, दर सतराचा होता, म्हणून तीच स्वस्त ठरणार असे आम्हालाही वाटले. पण त्यात एक शब्द जास्त होता. किमान अंतर ‘प्रत्येक दिवसाला स्वतंत्र’ लागू होणार होते. इतर दोघे चार दिवसांची बेरीज करून मग किमान अंतराशी ताडून पाहणार होते. हा गृहस्थ रोजचा हिशोब रोज मिटवणार होता. लांबच्या दिवशी जास्त धावलेले किलोमीटर छोट्या दिवसाच्या तुटीत जिरवायला त्याची तयारी नव्हती. त्याच्या वहीत पहिला दिवस ३६०, दुसरा २५०, तिसरा २५० आणि चौथा ३६०, अशी १,२२० ची बेरीज होणार होती. सतरा रुपयांनी ती २०,७४० रुपये होते. भत्ता रोजचा ६००, म्हणजे २,४००. शिवाय ‘नाईट हॉल्ट’ दर रात्रीचे ५००, तीन रात्रींचे १,५००. एकूण २४,६४०.

सगळ्यांत कमी दराची गाडी सगळ्यांत महाग ठरली, आणि वीस रुपयांची गाडी तिच्यापेक्षा २,८४० रुपयांनी स्वस्त. टोल, पार्किंग आणि जीएसटी तिघांचेही निराळे होते, म्हणून ते तुलनेत धरले नाहीत. जीएसटी पाच टक्के होता आणि तो मोठ्या बिलावर जास्त बसतो, इतकेच. पाउंडांत हा फरक पंचवीसेक पाउंडांचा. आपल्यातले काही जण त्यावर खांदे उडवतील. पण भावाने आगाऊ रक्कम स्वतःच्या पगारातून भरली होती आणि त्याच्या घरात हे अडीच-तीन हजार म्हणजे महिन्याचा किराणा.

दिवस कसा मोजतात, हा पुढचा प्रश्न, आणि त्याची किंमत आम्ही स्वतः भरलेली आहे. काही वर्षांपूर्वीच्या एका फेरीत विमान रात्री उतरले. सामान घेऊन बाहेर आलो तेव्हा सव्वाअकरा झाले होते. बाहेरगावची गाडी विमानतळावरच बोलावली होती. नातलगाच्या घरी उतरलो आणि सकाळी पुढे निघालो. बिल पाच दिवसांचे आले. गाडीवाल्याच्या लेखी दिवस मध्यरात्री बदलत होता. आम्ही समजत होतो चोवीस तासांचा. त्या पाऊण तासापायी एका पूर्ण दिवसाचे किमान अंतर, भत्ता आणि रात्री दहानंतर गाडी चालवल्याचा निराळा आकार असे सगळे लागले. वादाला जागा नव्हती, कारण आम्ही विचारलेच नव्हते.

वरच्या दुसऱ्या दरपत्रकावर हेच घडले असते तर? पाच दिवसांचे किमान १,२५०, वीस रुपयांनी २५,०००, भत्ता २,०००. एकूण २७,०००. म्हणजे विमानतळ ते घर एवढ्या अंतराला ५,२०० रुपये आणि वर रात्रीचा आकार. त्यामुळे विमानतळावरून घरी साध्या टॅक्सीने जावे आणि बाहेरगावची गाडी सकाळी सहानंतर बोलवावी. परतीच्या दिवशीही तीच सावधगिरी हवी. आपण रात्री साडेअकराला घरी पोहोचलो तरी गाडी गॅरेजला बारानंतर पोहोचते, आणि गॅरेजपर्यंतचा वेळ धरणारे पुष्कळ आहेत. संभाजीनगर दुपारच्या जेवणाआधी सोडलेले बरे.

आणखी एक दिवस फुकट जाण्याची वाट म्हणजे सुट्टीचा वार. अजिंठा सोमवारी बंद असतो, वेरूळ मंगळवारी. मुंबईहून रविवारी निघणार असाल तर सोमवारी वेरूळ आणि मंगळवारी अजिंठा असा क्रम लावावा. सोमवारी निघणार असाल तर तो उलटा करावा. बंद दारापाशी पोहोचून एक मुक्काम वाढवला, तर वाढलेल्या दिवसाचे किमान अंतरही आपल्याच माथी.

टोलचा विषय आता पूर्वीइतका गुंतागुंतीचा नाही. ५ जून २०२५ पासून समृद्धी महामार्ग आमण्यापर्यंत पूर्ण खुला झाला आहे. त्यावर मोटारीला किलोमीटरमागे दोन रुपयांच्या आसपास टोल बसतो आणि धावलेल्या अंतरावरच तो आकारला जातो. फास्टॅग गाडीवाल्याच्या खात्याला जोडलेला असल्याने कापलेल्या रकमेचा संदेश त्याच्या फोनवर येतो. ‘टोल प्रत्यक्ष खर्चाप्रमाणे’ असे ठरले असेल तर ते संदेश दाखवायला आधीच सांगून ठेवावे. मुंबईच्या वेशीवरचे वाशी, ऐरोली, मुलुंड, दहिसर हे नाके मोटारींसाठी ऑक्टोबर २०२४ पासून टोलमुक्त आहेत. बिलात ‘मुंबई प्रवेश टोल’ दिसला तर शांतपणे बोट ठेवावे. टोल धरून ठोक भाव देणारेही भेटतात. त्यांना एकच विचारावे, समृद्धीने नेणार की जुन्या रस्त्याने?

पार्किंगची रक्कम किरकोळ असते. पावत्या मात्र घ्याव्या. अजिंठ्याला आपली गाडी फर्दापूरच्या तिठ्यापाशीच थांबते आणि पुढचे चारेक किलोमीटर एसटीच्या बसने जावे लागते. त्या बसचे तिकीट कोणत्याही दरपत्रकात नसते.

राहिला चालकाचा भत्ता. तिसऱ्या गाडीवाल्याला आम्ही फोन करून विचारले, की भत्ता असताना नाईट हॉल्ट कशाचा? उत्तर आले, भत्ता जेवणाचा, हॉल्ट झोपण्याचा. मग दुसऱ्याला विचारले, तुमचा चालक रात्री कुठे झोपतो? तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, ‘साहेब, गाडीतच झोपतात सगळे.’ म्हणजे एक जण झोपण्याचे पैसे निराळे मागत होता आणि दुसऱ्याच्या हिशोबात झोपेची सोयच नव्हती. पहिल्या दिवशी ३६० किलोमीटर चालवलेला माणूस डिसेंबरच्या थंडीत आसनावर रात्र काढणार आणि तिसऱ्या दिवशी आमच्या मुलांना अजिंठ्याच्या घाटातून नेणार. मोटार वाहतूक कामगारांसाठी २०२५ पर्यंत १९६१ चा कायदा होता, त्यात दिवसाला आठ तासांची मर्यादाही होती. पण पाचांपेक्षा कमी कामगार असलेल्या गाडीवाल्याला तो आपोआप लागू होत नव्हता.

आम्ही वीस रुपयांची गाडी ठरवली, नंबरपाटी पिवळी असल्याची खात्री करून. खासगी पांढऱ्या पाटीची गाडी स्वस्त मिळते, पण भाड्याने चालवताना अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. हॉटेल निवडताना चालकांसाठी खोली आहे का, ते फोनवर विचारले. दोन ठिकाणी नव्हती. तिसऱ्या ठिकाणी तळमजल्यावर चार खाटांची खोली होती, दर खाटेला रात्रीचे २०० रुपये. तीन रात्रींचे ६०० आम्ही हॉटेलच्या बिलातच भरले आणि रोजचा ४०० चा भत्ता चालकाच्या हाती जातो की मालकाकडे, ते पहिल्याच चहाच्या थांब्यावर त्यालाच विचारले. तो म्हणाला, ‘तीनशे मला मिळतात.’

निघताना गाडीच्या किलोमीटर-आकड्याचा फोटो भावाने काढला, परतल्यावर आम्ही. फरक ९८४ निघाला. गॅरेजचे चाळीस मिळवून १,०२४, म्हणजे भाडे आणि भत्ता धरून २२,०८०. त्यावर जीएसटी, टोलचे संदेश आणि तीन पार्किंग पावत्या. कल्याणला दारात उभ्या गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून दहा मिनिटांत हिशोब मिटला. भत्त्यातले जे शंभर रोज मालकाकडे राहत होते, ते चार दिवसांचे ४०० आम्ही चालकाला निराळे दिले.