शेवटच्या हिशेबाची ओलीस

राजीनामा देऊन बाहेर पडलेल्या एका कर्मचाऱ्याने जुन्या कंपनीला लिहिलेले पत्र आमच्यासमोर आहे. मे २०१९ ते १६ जानेवारी २०२६ अशी नोकरी झाली, लॅपटॉप आणि ओळखपत्र जमा केल्याची पोचही हाती आहे. तरी मार्च संपताना त्याला लिहावे लागते, ‘माझा अंतिम हिशेब करून अनुभवपत्र द्यावे, ही नम्र विनंती.’ कंपनीचे उत्तर एकाच ओळीचे आहे: ‘एफ अँड एफ प्रक्रियेत आहे.’

ही विनंती नव्हे, थकलेले बिल आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार राजीनामा दिलेल्याचेही वेतन दोन कामकाजी दिवसांत द्यावे लागते. जुन्या वेतन कायद्यात ही मुदत मालकाने काढून टाकलेल्यापुरतीच होती. या कर्मचाऱ्याचा शेवटचा दिवस शुक्रवार होता. शनिवार-रविवारची सुट्टी धरली, तरी मंगळवार, २० जानेवारीला जानेवारीचे वेतन खात्यात पडायला हवे होते.

ग्रॅच्युइटीची मुदत वेगळी, तीस दिवसांची. मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून २६ हजार. त्याला २६ ने भागले की रोजचे हजार, त्याचे पंधरा दिवस म्हणजे वर्षाला १५ हजार. सेवा सहा वर्षे आठ महिन्यांची आहे आणि सहा महिन्यांवरचा काळ पूर्ण वर्ष धरला जातो. म्हणजे सात वर्षांचे १ लाख ५ हजार. नोटीस कालावधी कमी भरला असेल, तर नेमणूकपत्रातील अटीनुसार कंपनीने तो हिशेबात दाखवावा. पण वजावट किती, यावरचा वाद हे सगळी रक्कम अडवून धरण्याचे कारण होत नाही.

पैशापेक्षा अडचणीचा आहे तो कागद. नवी कंपनी अनुभवपत्र आणि कार्यमुक्तीपत्र मागते, हे जुन्या कंपनीला पक्के ठाऊक असते. म्हणून कागद रोखायचा आणि ‘सर्व येणे मिळाले’ अशा पावतीवर आधी सही मागायची. नाक दाबून तोंड उघडण्याचाच हा प्रकार. कार्यालयीन नोकरदाराच्या अनुभवपत्राबाबत कायद्याची पकड ढिली आहे आणि नेमका तिचाच फायदा घेतला जातो. कोण, कोणत्या पदावर, कधीपासून कधीपर्यंत कामाला होता, हे सांगणाऱ्या चार ओळींचा पैशाच्या वादाशी काय संबंध? शेवटच्या दिवशी लॅपटॉप घेतानाच त्या देता येतात. सरकारने संहितेच्या नियमांत तसे बंधन घालावे.

तोवर कर्मचाऱ्यांनी पत्रातली ‘नम्र विनंती’ गाळावी. वेतन, रजेचे पैसे, ग्रॅच्युइटी अशी रक्कमवार यादी लिहावी, प्रत्येकीपुढे देय तारीख टाकावी आणि पत्राची पोच ठेवावी. पैसे खात्यात येण्याआधी पावतीवर सही करू नये. वेतनाच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे. त्या दाव्याचा पहिला पुरावा हेच पत्र असते.