दर महिन्याला २० नवे ग्राहक, तरी धंदा ४०० वरच का थांबतो?

“उद्या तुमच्या खात्यातून सबस्क्रिप्शनचे पैसे कापले जातील” असा मेसेज तुम्हालाही येत असेल. तो वाचल्यावर कधी कधी आठवतं, अरे, हे अॅप तर आपण महिनोन्‌महिने उघडलंच नाही! मग आपण ऑटोपे बंद करून टाकतो. आपल्यासाठी विषय तिथेच संपतो. पण त्या कंपनीच्या एक्सेल शीटमध्ये एक ग्राहक कमी झालेला असतो. असे सोडून जाणारे ग्राहक म्हणजे ‘चर्न’.

एक उदाहरण घेऊ. समजा, विष्णुपुरीत इंजिनिअरिंग करून बाहेर पडलेल्या दोन मित्रांनी अभ्यासिका चालवणाऱ्यांसाठी एक सॉफ्टवेअर बनवलं. कोणती सीट रिकामी आहे, कोणाची फी बाकी आहे, सगळं मोबाइलवर दिसतं. भाडं महिन्याला ५०० रुपये. नांदेड-लातूरमध्ये मिळून १०० अभ्यासिका ते वापरतात. म्हणजे दर महिन्याला पुन्हा पुन्हा येणारी कमाई ५०,००० रुपये. यालाच एमआरआर म्हणतात, मंथली रिकरिंग रेव्हेन्यू.

पहिल्या महिन्यात २० नवे आले, ५ सोडून गेले. निव्वळ वाढ १५. मित्रांनी लगेच हिशोब मांडला: वर्षाला १८० वाढतील, २८० ग्राहक होतील, एमआरआर १ लाख ४० हजार. बँकेला किंवा गुंतवणूकदाराला दाखवायला छान आकडा आहे. पण चूक आहे.

कारण ५ हा आकडा कायमचा नाही. १०० पैकी ५ गेले, म्हणजे चर्न ५ टक्के. ग्राहक २०० झाले की त्याच दराने महिन्याला १० जाणार, ३०० झाले की १५. येणारे मात्र २०च. नीट महिना-महिना मोजलं तर वर्षाअखेरीस साधारण २३८ ग्राहक होतात आणि एमआरआर १ लाख १९ हजारांच्या आसपास. पुढे जाऊन ४०० वर सगळं अडतं, कारण ४०० चे ५ टक्के म्हणजे २०. जितके येतात तितकेच जातात. तळाला भोक असलेल्या टाकीसारखं: पाणी जितकं चढेल तितकी गळती वाढते. ही कमाल मर्यादा काढायला महिन्याच्या नव्या ग्राहकांना चर्नच्या दराने भागायचं, २० भागिले ०.०५. बस.

आता गंमत बघा. चर्न ५ वरून ३ टक्क्यांवर आणला तर तीच मर्यादा ६६७ च्या आसपास जाते. नवा एकही जास्त ग्राहक न आणता.

मग हे २ टक्के कुठून कमी करायचे? इथे सुरुवातीच्या त्या मेसेजकडे परत यावं लागतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डवरचं ऑटो-डेबिट बदललं. ग्राहकाने आधी एकदा ओटीपी वगैरे देऊन परवानगी नोंदवायची, आणि पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी त्याला सूचना जायला हवी. ५,००० रुपयांपेक्षा मोठ्या रकमेला दर वेळी वेगळी मंजुरी लागायची. जून २०२२ मध्ये ही मर्यादा १५,००० झाली. ज्यांची जुनी परवानगी नव्या नियमात बसत नव्हती, त्यांचं पेमेंट अडकलं. त्या ग्राहकाला सेवा सोडायचीच नव्हती! कार्डची मुदत संपली, खात्यात त्या दिवशी पैसे नव्हते, तरीही हेच होतं. याला ‘न मागितलेला चर्न’ म्हणू. आपल्या दोन मित्रांचे ५ गेले, त्यातले २ जर असे असतील तर नवीन फीचर बनवण्याआधी दोन-तीन दिवसांनी पेमेंट पुन्हा करून बघणं, व्हॉट्सअॅपवर लिंक पाठवणं, यूपीआय ऑटोपेचा पर्याय देणं जास्त स्वस्त पडतं.

मेसेज वाचून स्वतःहून बंद करणारे मात्र वेगळे. ती कमाई विसरभोळेपणावर उभी होती, आणि माझ्या मते ती अंदाजात धरायलाच नको.

अजून एक खड्डा आहे तो सीझनचा. मे महिन्यात नीट झाली की लातूरच्या अनेक अभ्यासिका रिकाम्या होतात. मालक म्हणतो, “दोन महिने बंद ठेवा, जूननंतर बघू.” त्यामुळे जानेवारीचा चर्न वर्षभर चिकटवला तर उन्हाळ्यात तोंडावर आपटणार, आणि मेचा चिकटवला तर उगाच घाबरणार. शिवाय नवे ग्राहक पहिल्या दोन-तीन महिन्यांत जास्त गळतात, जुने टिकतात. म्हणून सगळ्यांची सरासरी काढण्याऐवजी जूनमध्ये आलेले २० वेगळे लिहायचे आणि सप्टेंबरमध्ये त्यातले किती उरले ते मोजायचं. जुलैच्या २० चं ऑक्टोबरमध्ये. शीटमध्ये शेजारी आणखी एक रकाना ठेवायचा: स्वतः गेला, की पेमेंट अडकलं?